बरणीतलं पाणी

रत्नागिरीच्या उन्हावर माझा फारसा विश्वास नाही. चटका आहे, डोळे दिपवणारा उजेड आहे, मे महिन्यात खळ्यात अनवाणी पाऊल टाकवत नाही. पण त्या उन्हाच्या पोटात ओल असते. घाटावर धुतलेला पंचा तासाभरात कडकडीत होतो. आमच्याकडे तो वाळतो, पण कडक होत नाही, आणि संध्याकाळी खारा वारा लागला की पुन्हा दमट वाटायला लागतो. घाटावरून लग्न होऊन आलेल्या सुना पहिल्या वर्षी माहेरच्या सवयीनं कैरीच्या फोडींना मीठ लावून परात उन्हात ठेवतात, आणि दोन-तीन दिवसांनीही तळाशी पाणी पाहून चक्रावतात. त्यांच्या हातात काही खोट नसते. मिठानं तुडुंब झालेलं पाणी सुकतं ते हवा त्याच्यापेक्षा कोरडी असेल तरच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते सुकायचं सोडून हवेतलंच पाणी ओढायला लागतं. रात्रभर बाहेर विसरलेली परात आमच्याकडे सकाळी जास्त ओली सापडते ती म्हणूनच. मृग लागला की मग चार महिने हवा त्या रेषेच्या वरच.

म्हणून इथलं लोणचं उन्हापेक्षा मिठाच्या भरवशावर असतं. माझ्या आत्येच्या घरी ऊन लागायचं ते बरणीला आणि अख्ख्या कैरीला. चिनी मातीची बरणी गरम पाण्यानं धुऊन, पालथी निथळून, मग खळ्यात दिवसभर तोंड वर करून ठेवायची. कैऱ्यांचे देठ काढून त्या पाण्यात टाकायच्या, म्हणजे चीक निघून जातो. मग एकेक कैरी पुसून जुन्या सुती लुगड्यावर पसरायची. देठाची खळगी ती करंगळीला कापड गुंडाळून आतून पुसायची. एवढ्याशा खळगीत थेंबभर पाणी बसलेलं असतं आणि वरून पुसणाऱ्याला ते कधी दिसत नाही. विळीला, परातीला, कालवायच्या उलथन्यालाही उन्हाची एक फेरी व्हायची. फोडी केल्या की मात्र ऊन बंद. त्या लगेच मिठा-हळदीत.

मीठ फोडींत जाऊन बसतं, असं आपण समजतो. आधी घडतं ते उलटं. फोडीतलं पाणी बाहेर येतं, मिठाला विरघळवतं, आणि मग तो खार हळूहळू फोडीत शिरतो. किलोभर फोडींत पाऊण किलोहून जास्त पाणी असतं. त्यावर २०० ग्रॅम मीठ घातलं तर मुरल्यावर खार साधारण १९ टक्क्यांचा होतो. १०० ग्रॅमच घातलं तर दहा-अकरा टक्क्यांवर येतो. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यासाठी आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत किमान १२ टक्के मीठ सांगितलेलं आहे. म्हणजे तब्येतीसाठी म्हणून मीठ निम्म्यावर आणणारी घरं त्या रेषेच्याही खाली उतरतात. कमी मिठाचं लोणचं करू नये असं नाही. करावं, फ्रिजमध्ये ठेवावं, महिन्याभरात संपवावं. त्याला बरणीत घालून श्रावणापर्यंत टिकायला सांगू नये.

मिठाचं माप हीच इथली गोम. आमच्याकडे लोणच्याला जाडं मीठच हवं असतं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, त्यामुळे मिठागराच्या मिठाचा अभिमान बायकांच्या बोलण्यात अजून डोकावतो. पण समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते अगदी बेताच्या दमट हवेतही पाणी ओढतात. मिठाची बरणी पाझरते ती त्यांच्यापायी. असं ओलं मीठ वाटीनं मोजलं की वाटीत थोडं मीठ, थोडं पाणी आणि खड्यांमधली पोकळी असं सगळंच मोजलं जातं. कोरड्या हवेत त्याच वाटीत जास्त मीठ बसलं असतं. आत्ये लोणच्याचं मीठ आधी लोखंडी कढईत कोरडं भाजून घ्यायची ते याचसाठी. नाव मात्र “मिठाची उष्टावळ जाते” असं काहीतरी द्यायची.

तेलाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. तेल काही मारत नाही. बुरशीला हवा लागते, तेल ती हवा तोडतं. शिवाय पावसाळी ओल खारापर्यंत पोचू देत नाही. बस, एवढंच त्याचं काम, पण त्यासाठी ते फोडींच्या वर उभं राहायला हवं. नियमात तेलातल्या लोणच्याला वर अर्धा सेंटिमीटर थर सांगितला आहे. आत्येचं माप बोटभर होतं. तेल कडकडीत तापवून, हिंग-मोहरीची फोडणी करून, पार थंड झाल्यावरच ओतायचं. घाईनं गरम ओतलं तर फोडी मऊ पडतात, मोहरीच्या डाळीचा झणका जळून जातो आणि वाफ झाकणाला धरून तिचेच थेंब होऊन खाली टपकतात. तो झणका नुसता चवीचा नव्हे, जंतूंनाही तो झोंबतो.

लोणचं खराब होताना या तिघांतलं कोण कुठे कमी पडतं, हे एका बरणीनं फार स्पष्ट दाखवलं. २०२१ साली अक्षय्य तृतीया १४ मे रोजी होती आणि १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. बागांमध्ये आंब्याचा सडा पडला. आत्येची रायवळ कैरीची एक बरणी चैत्रातच भरून झाली होती. एवढी फळं मातीत जाताना पाहवेना म्हणून तिनं पडीच्या हापूसची दुसरी बरणी घातली. हात तोच, मसाला तोच, तेलही एकाच डब्यातलं. चैत्रातली बरणी पुढच्या होळीपर्यंत पुरली. वादळातल्या बरणीचा दादरा आषाढात तेलानं ओला झाला. सोडून पाहिलं तर तेलावर बारीक फेस, फोडी तेलाच्या वर डोकं काढून बसलेल्या, आणि वास दारूकडे झुकणारा. चार दिवसांनी कडेला कापसासारखे ठिपके आले.

लोकांनी ठिपके पाहिले आणि बुरशी आली म्हणून निदान केलं. बुरशी ही शेवटची पायरी होती. मे महिन्याच्या मध्याला हापूस वरून हिरवा दिसला तरी आत कोयीपाशी पिवळा झालेला असतो. आंबटपणा उतरलेला आणि साखर तयार होत आलेली. शिवाय पडीचं फळ आतून ठेचलेलं. त्यात वादळानंतर हवेला ओल, खळ्यात ऊन नाही, वीज गेलेली, आणि घाईत मीठ भाजायचं राहिलेलं. म्हणजे वाटी भरली होती, खार भरला नव्हता. साखर मिळाली की खारट पाण्यातही तग धरणारे यीस्ट जागे होतात, आणि त्यांना हवेची गरज नसते. तेलाचा थर त्यांच्यापुढे निरुपयोगी. ते खाली फसफसायला लागले, वायूच्या बुडबुड्यांनी फोडींना वर ढकललं, फोडी तेलाबाहेर आल्या, आणि मग बुरशीला बसायला जागा मिळाली. बुरशी आली की ती फळातलं आम्लही खायला लागते. कच्च्या कैरीच्या लोणच्यात विषारी जंतू वाढत नाहीत ते मुख्यतः या आम्लामुळे. तेलात नुसती लसूण बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, कैरीचं तसं नसतं. बुरशीनं तो पहाराच उठवला तर पुढचं कोणी सांगावं? म्हणून वरचा थर खरवडून, तेल नवं ओतून बरणी वाचवणाऱ्यांचं मला पटत नाही. आत्येनं ती परसात खड्डा करून पुरली. चाखूनसुद्धा पाहिली नाही.

प्रत्येक पांढरा ठिपका बुरशीचा नसतो, हेही तितकंच खरं. मिठाचे खडे फोडीच्या सालीवर जमतात. बोटाला कचकचतात आणि पाण्यात टाकले की विरघळतात. बुरशी मऊ, केसाळ असते, हळूहळू हिरवी-काळी होते. आणि वास खवट, पण फेस नाही, फोड टणक, अशी बरणी असेल तर दुखणं तेलाचं आहे: उजेडात, चुलीच्या शेजारी ठेवल्यानं तेल बिघडलेलं असतं. भरलेली बरणी महिनोन् महिने उन्हात ठेवणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं.

बरणीच्या गळ्याकडे मात्र कोणी बघत नाही. ओला चमचा घातला तर लोणचं नासतं, हे खरं, पण थेंबभर पाण्यानं अख्खा खार पातळ होत नाही. तेलातून खाली गेलेला थेंब खारातच जिरतो. घात करतो तो गळ्याला चिकटलेल्या मसाल्यावर राहिलेला थेंब. तिथे मीठ नाही, तेल नाही, हवा हवी तेवढी. लोणचं काढल्यावर आतला गळा कोरड्या फडक्यानं पुसून घेणं आणि फोडी दाबून तेलाखाली बसवणं, या दोन गोष्टी करणाऱ्या घरात मी नासलेली बरणी क्वचितच पाहिली. बाहेर बसलेल्या बाईची सावली पडली म्हणून लोणचं बुरसलं, असं ठासून सांगणाऱ्या घरांत मात्र बरीच पाहिली. दोष बाईवर ढकलला की गळा पुसायचं कारणच उरत नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘कोकण रुची’ नावाची जात खास लोणच्यासाठी काढली आहे. आत्येला तिचं फार कौतुक नाही. बांधावरच्या रायवळाची आंबट, टणक कैरी, कोय धरलेली पण आत पिवळी न झालेली, तिला पुरते. वादळाच्या पुढच्या वर्षीही वळिवानं पाड लागलेला आंबा बराच पाडला. त्याचा तिनं गूळ घालून मेथांबा केला; तो वटपौर्णिमेच्या आत संपला. लोणच्याच्या कैऱ्या त्याआधीच झेल्यानं उतरवून घेतल्या होत्या, एकही जमिनीवर पडू न देता. आणि मीठ त्या वर्षी वाण्याच्या काट्यावर तोलून आणलं, भाजून पुन्हा तोललं. दोन वजनांत फरक किती पडला ते तिनं मला विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. “पडला,” एवढंच म्हणाली, आणि आणखी दोन मुठी घातल्या.