बेरीज १९८ आली तरी शेकडेवारी बरोबर!

आज शेकडेवारीच्या पाठाबद्दल लिहितेय, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

सातवीच्या वर्गात मी मुलांना घरातली शेकडेवारीची उदाहरणं आणायला सांगितली होती. एका मुलाचे वडील बेकरीत कारागीर आहेत. त्याने वहीत गोड बनचं प्रमाण लिहून आणलं: मैदा १००, दूध ५०, साखर २०, लोणी १५, अंडं १०, मीठ दीड, यीस्ट दीड. मी बेरीज केली, १९८ आली. "अरे, टक्क्यांची बेरीज शंभरच यायला हवी," म्हणत सगळ्यांसमोर लाल फुली मारली. तो हळूच म्हणाला, "मॅडम, पप्पा असंच लिहितात." मी पुढच्या मुलाकडे वळले.

ते "असंच लिहितात" रात्रभर डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बेकरीत गेले. त्याचे वडील म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे मैदा म्हणजे शंभर. बाकी सगळं मैद्याच्या मानाने."

बघा, आपण वर्गात 'एकूणापैकी किती' शिकवतो. बेकरीवाले 'मैद्याच्या तुलनेत किती' मोजतात. पाया एकूण वजन नसून मैदा आहे, म्हणून बेरीज शंभरावर जाणारच. याचा फायदा असा की साखर वाढवली तरी बाकीचे आकडे हलत नाहीत. एकूणावर टक्के काढले असते, तर एक वस्तू बदलली की सगळी यादी नव्याने मांडावी लागली असती.

आता बेरीज १९८ कामाला कशी येते ते पाहा. आम्हाला वर्गासाठी ६० ग्रॅमचे २४ बन हवे होते. म्हणजे पीठ १४४० ग्रॅम. भांड्याला, हाताला थोडं चिकटून जातं म्हणून १४८५ धरलं. १४८५ ला १.९८ ने भागलं की मैदा ७५० ग्रॅम. मग दूध त्याच्या निम्मं, ३७५ ग्रॅम. साखर १५०, लोणी सुमारे ११२, अंडं ७५, मीठ आणि यीस्ट सव्वाअकरा-सव्वाअकरा ग्रॅम. दूधही वजनावरच घ्यायचं, कपाने नाही. आणि ७५ ग्रॅम अंडं म्हणजे साधारण दीड अंडं; दोन फोडून फेटायची आणि वजन करून हवं तेवढंच घ्यायचं.

इथवर गणित सोपं. माझी खरी फजिती पुढे झाली. काही मुलं अंडं खात नाहीत, म्हणून मी घरी बिनअंड्याचा घाणा करून पाहिला. अंडं काढलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. पीठ घट्ट झालं, मळताना मनगट दुखलं, बन फुगले कमी आणि वरून तडकले.

कारण, अंड्यात पाऊण भाग पाणी असतं. बेकरीवाले पिठातल्या पाण्याच्या टक्क्याला हायड्रेशन म्हणतात. साध्या पावात फक्त पाणी मोजलं की झालं, पण गोड बनमध्ये पाणी लपलेलं असतं. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, म्हणजे ५० टक्के दुधातून साडेत्रेचाळीस. १० टक्के अंड्यातून साडेसात. लोण्यातूनही दोन-अडीच. एकूण साधारण ५३. मी अंडं काढलं तेव्हा त्यातले साडेसात टक्के पाणी नकळत काढून टाकलं होतं. ते दुधाने भरायचं तर साडेसातला ०.८७ ने भागा, सुमारे साडेआठ येतात. दूध ५० चं ५९ केलं, म्हणजे ७५० ग्रॅम मैद्याला साधारण ४४० ग्रॅम. या वेळी पीठ मऊ झालं. अंड्याचा पिवळा रंग मात्र दुधाने येत नाही. भट्टीत घालण्यापूर्वी वरून दूध लावलं तर निदान वरची बाजू छान भाजते.

'५३ टक्केच पाणी, मग पीठ कोरडं असेल' असं वाटेल, पण तसं नसतं. साखर विरघळली की पीठ सैल होतं. सुरुवातीला हाताला चिकटतं, तेव्हा घाबरून मैदा टाकू नका. मैदा टाकला की शंभरच बदलतो आणि यादीतले सगळे टक्के चुकतात. दहा मिनिटं मळत राहा, लोणी शेवटी घाला. गोडी वाढवायची असेल तर २० ची २५ करा, पण जास्त साखरेत यीस्ट मंदावतं, फुगायला वेळ जास्त लागतो. घड्याळाकडे न बघता पीठ दुप्पट होण्याची वाट बघा.

त्या मुलाच्या वहीतली लाल फुली मी वर्गासमोरच खोडली. मग फळ्यावर त्याच्याकडूनच गणित सोडवून घेतलं. १४८५ भागिले १.९८ करताना त्याचा दशांश चिन्हात घोळ झाला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, दोन्हीकडे शंभराने गुण!"