उन्हाची उणीव आणि रक्ताचा अहवाल

माझ्या पुण्याच्या दवाखान्यात ड जीवनसत्त्वाचा अहवाल घेऊन येणारे बरेच जण तक्रारीच्या सुरात सांगतात, "डॉक्टर, मी रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसते, तरी हे कमी कसं?" कोवळे ऊन अंगाला बरे वाटते हे खरे, पण त्यात त्वचेच्या कामाचे किरण फारच थोडे असतात. ड जीवनसत्त्व तयार होते ते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील-ब किरणांमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा हे किरण हवेच्या जाड थरातच अडकतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हातून फारसे हाती लागत नाही. बंद खिडकीच्या काचेतून तर हे किरण जवळजवळ येतच नाहीत. त्यात आपली सावळी त्वचा. तिच्यातले रंगद्रव्य हेच किरण शोषते, त्यामुळे तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. म्हणून भर उन्हाच्या देशातही रात्रपाळीचे कर्मचारी, अंगभर कपडे घालणाऱ्या स्त्रिया आणि घराबाहेर न पडणारे वृद्ध या सगळ्यांमध्ये ही कमतरता सर्रास आढळते.

चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंची गोष्ट सांगतो. वय बासष्ट, इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे दुखू लागल्यापासून तीन वर्षे त्या जवळजवळ घरातच होत्या. संधिवात समजून वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. मला मात्र त्यांचे एक वाक्य महत्त्वाचे वाटले: "जमिनीवरून उठताना आता भिंतीचा आधार लागतो, आणि जिना चढताना मांड्या उचलतच नाहीत." संधिवातात सांधा दुखतो. इथे मांड्यांचे स्नायू दुबळे झाले होते. नडगीच्या हाडावर मी अंगठ्याने हलकेच दाबले, तर त्या कळवळल्या. त्यांचे सांधे नव्हे, हाडेच दुखत होती.

रक्तात ड जीवनसत्त्व होते मिलिलीटरला ५ नॅनोग्रॅम. पण त्या एका आकड्यावर मी थांबलो नाही. कॅल्शियम ८.३, म्हणजे किंचित कमी. फॉस्फरस २.२, तेही कमी. प्रयोगशाळेची वरची मर्यादा १२० असलेले अल्कलाइन फॉस्फटेज ३१० होते, आणि ६५ पर्यंत असायला हवे ते पॅराथायरॉइड हार्मोन २१०. हे आकडे एकत्र वाचले की शरीरात काय चालले आहे ते उलगडते. ड जीवनसत्त्व नसल्याने आतडे अन्नातले कॅल्शियम नीट शोषत नाही. रक्तातली पातळी टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथी जोर लावतात, हाडातून कॅल्शियम ओढतात आणि लघवीवाटे फॉस्फरस बाहेर टाकतात. मग नव्या हाडाचा साचा तयार होतो, पण तो भरायला खनिज उरत नाही. यालाच आम्ही ऑस्टिओमलेशिया, म्हणजे अस्थिमृदुता म्हणतो. क्ष-किरणात मांडीच्या हाडाच्या मानेपाशी एक अर्धवट भेगही दिसली.

तपासणी कोणती केली हेही पाहावे लागते. त्वचेत तयार झालेले किंवा पोटातून गेलेले जीवनसत्त्व यकृतात २५-हायड्रॉक्सी या रूपात बदलते. शरीराचा साठा या रूपावरून कळतो, तेच मोजायचे. पुढे मूत्रपिंडात त्याचे १,२५-डायहायड्रॉक्सी हे क्रियाशील रूप बनते. नाव भारदस्त म्हणून काही जण हीच महागडी तपासणी करून येतात. पण साठा संपत आला की पॅराथायरॉइड हार्मोन मूत्रपिंडाला जास्त कामाला लावते, आणि हा आकडा ठीक, कधी वाढलेलाही दिसतो. काकूंनी तीच तपासणी केली असती, तर सगळे आलबेल वाटले असते.

एककाकडेही लक्ष हवे. लंडनला मुलाकडे राहणारे एक आजोबा ४५ चा अहवाल पाहून निश्चिंत होते. तिथे हा आकडा नॅनोमोलमध्ये देतात. आपल्या पद्धतीने तो अडीचने भागायचा, म्हणजे झाले १८.

किती असले म्हणजे पुरेसे, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये हाडांसाठी २० पुरेसे मानले, तर त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने ३० चे लक्ष्य सुचवले. २०२४ मध्ये त्या सोसायटीने ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको, असेही सांगितले. मला ते पटते. १८ चा अहवाल आणि कसलीही तक्रार नाही, अशा तरुणाला घाबरवण्यात अर्थ नाही. काकूंच्या ५ ची गोष्ट वेगळी.

त्यांना साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे दिली, आणि सोबत रोज एक ग्रॅम कॅल्शियम. हाड भरायचे तर माल लागतोच. नुसते ड देऊन भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. २५-हायड्रॉक्सी रूप रक्तातून निम्मे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला तीनेक महिने जातात. त्याआधीच्या तपासणीत धड काही कळत नाही. आता ड होते ३४. फॉस्फटेज मात्र ३४० झाले होते, म्हणून सूनबाई घाबरल्या. पण हाड भरून येऊ लागले की सुरुवातीला हा आकडा वाढू शकतो. सहा महिन्यांनी तो १४० वर आला, पॅराथायरॉइड हार्मोन ७० वर, आणि काकू भिंत न धरता उठू लागल्या. ड चा आकडा लवकर सुधारला, पण हाडाला दुप्पट वेळ लागला. पुढे महिन्याला एक पुडी ठेवली, म्हणजे दिवसाला सरासरी दोन हजार युनिट. अंगात चरबी जास्त असलेल्या माणसाला याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकते. आणि बारा आठवड्यांनीही आकडा हलला नाही, तर डोस वाढवण्याआधी औषध खरेच घेतले का ते मी विचारतो. घेतले असेल तर आतड्याचे शोषण तपासतो. फिटच्या काही गोळ्याही हे जीवनसत्त्व लवकर खर्ची घालतात.

पहिली पुडी लिहिण्याआधी मी कॅल्शियम पाहतोच. क्षयाच्या किंवा सार्कॉइडच्या गाठी क्रियाशील ड स्वतःच बनवू शकतात, आणि अशा रुग्णात साध्या डोसनेही कॅल्शियम भडकते. पॅराथायरॉइडची गाठही आधी अशीच लपून असू शकते.

अतिडोसाचे रुग्णही मी पाहिले आहेत. सत्तरीच्या एका गृहस्थांनी आठवड्याची पुडी दोन महिने रोज घेतली. तहान, बद्धकोष्ठता, उलट्या, मग गुंगी. घरच्यांना वाटले, वयाचा परिणाम. कॅल्शियम १३.९ निघाले, क्रिएटिनिन २.१, आणि ड प्रयोगशाळेच्या मोजमापाच्या वरच्या टोकालाही ओलांडून गेलेले. सलाइन आणि औषधांनी कॅल्शियम उतरले, पण चरबीत साठलेले ड हळूहळूच बाहेर येते, म्हणून कित्येक महिने त्यांचे रक्त तपासत राहावे लागले. तेव्हापासून चिठ्ठीवर मी 'दर रविवारी एक' असे लिहितो, शेवटच्या रविवारची तारीख घालतो आणि त्याखाली पुढच्या रक्ततपासणीचा दिवस.