‘नाही’ पुढच्या ओळीत गेला

स्क्रीनशॉट मला सकाळी मावसभावाने पाठवला. एक वेगवान गोलंदाज मॅच हरल्यावर माईकसमोर उभा, चेहरा घामाने चमकतोय आणि खाली दोन ओळी: ‘एकोणिसावं षटक फिरकीपटूला देण्यात / कर्णधाराचं चुकलं’. त्यावर कुणीतरी लाल गोल काढला होता. मावसभावाने लिहिलं होतं, ‘बघ, टीममध्ये फाटलंय.’

त्या दोन ओळी माझ्या होत्या. आदल्या रात्री साडेअकरा ते अडीच बसून मीच त्या मुलाखतीचं सबटायटलिंग केलं होतं. आणि तो गोलंदाज बरोबर उलटं बोलला होता. कर्णधार चुकला असं मी म्हणत नाहीये, असं.

माझ्या फाईलमध्ये चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही. पुढच्याच सबटायटलमध्ये ‘असं मी म्हणत नाहीये’ स्वच्छ लिहिलं होतं. फक्त ते पुढच्या सबटायटलमध्ये होतं, आणि स्क्रीनशॉट एकाच सबटायटलचा निघतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आकडे सांगावे लागतील. थोडेच आहेत. क्लायंटच्या नियमानुसार एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत 42 कॅरॅक्टर, आणि एका सेकंदाला 17 कॅरॅक्टर. म्हणजे सबटायटल दोन सेकंद दिसणार असेल तर 34 मध्ये भागवायचं. प्रेक्षकाला ओळ वाचून माणसाच्या चेहऱ्याकडेही बघायचं असतं, म्हणून हा वेग. दोन सबटायटलांच्या मध्ये दोन फ्रेमची फट ठेवायची, नाहीतर ओळ बदलली हे डोळ्याला कळतच नाही.

मराठीची गंमत ‘कॅरॅक्टर’ या शब्दात आहे. ‘क्षेत्ररक्षण’ हा शब्द आपण पाच अक्षरांत वाचतो: क्षे, त्र, र, क्ष, ण. क्लायंटचं सॉफ्टवेअर तो बारा मोजतं. क वेगळा, हलन्त वेगळा, ष वेगळा, मात्रा वेगळी. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक अनुस्वार पैसे मोजून घ्यायचा. 17 ही मर्यादा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असावी, पण ती मराठीलाही तशीच लागू होते. काही सॉफ्टवेअर मात्रा मोजत नाहीत, तिथे बरंच सैल वाटतं. हे मोजणारं होतं. मर्यादा ओलांडली की ओळ लाल होते, आणि लाल ओळ असलेली फाईल अपलोडच होत नाही.

आता ते वाक्य. इंग्रजीत तो सुरुवातच ‘लुक, आय ॲम नॉट सेइंग’ने करतो. मग कर्णधार चुकला, मग एकोणिसाव्या षटकासाठी फिरकीपटूला आणणं. एवढं सगळं 3.6 सेकंदांत. म्हणजे माझ्याकडे 61 कॅरॅक्टर. ‘लुक’ मी लगेच टाकून दिलं. ‘लुक’, ‘यू नो’, ‘ऑब्व्हियसली’ ही खेळाडूंच्या बोलण्यातली जागा भरायची माती असते, ती गेली तरी काही बिघडत नाही. उरलेलं असं झालं: ‘एकोणिसावं षटक फिरकीपटूला देण्यात / कर्णधाराचं चुकलं असं मी म्हणत नाहीये’. मोजलं तर 68. सात जास्त.

रात्री दोन वाजता सात कॅरॅक्टर जास्त झाले की हात आपोआप शेवटाकडे जातो. वाक्याची शेपटी उचलायची आणि पुढच्या सबटायटलला लावायची. पुढे तो म्हणतो की मीही बहुतेक तेच केलं असतं, आणि क्षणभर थांबतो, त्यामुळे तिथे 2.8 सेकंद मिळत होते. ‘असं मी म्हणत नाहीये, / मीही कदाचित तेच केलं असतं.’ 46, मर्यादा 47. दोन्ही ओळी हिरव्या. मी खूश.

इंग्रजीत हा प्रकार इतक्या सहज होत नाही, कारण ‘नॉट’ पहिल्या चार शब्दांतच येऊन बसलेला असतो. शेपटी तोडली तरी नकार शाबूत राहतो. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी क्रियापदाला चिकटून येतो. त्यामुळे आपण जे सगळ्यात आधी तोडतो, तिथेच तो असतो. आणि चित्राचंही बघा: गोलंदाज वाक्याच्या सुरुवातीलाच मान हलवतो. माझ्या सबटायटलमध्ये तो नकारार्थी मान हलवत ‘कर्णधाराचं चुकलं’ म्हणत होता. म्हणजे वैतागून मान हलवल्यासारखं.

सकाळी पुन्हा बसलो. पहिला प्रयत्न कंजुषीचा: ‘एकोणिसावं’च्या जागी ‘19वं’ केलं, पाच वाचले. ‘नाहीये’चं ‘नाही’ केलं, दोन वाचले. बरोबर 61. गणित जमलं, पण डोळे मिटून वाचलं तर अजूनही ‘चुकलं’ आधी ऐकू येतं आणि नकार सगळ्यात शेवटी धापा टाकत पोचतो. दुसरा प्रयत्न: ‘चूक कर्णधाराची नव्हती’. छोटं आणि स्पष्ट, पण खोटं. ‘तो चुकला असं मी म्हणत नाही’ आणि ‘तो चुकला नाही’ यांत फरक आहे. तो माणूस जपून बोलत होता, त्याचं जपून बोलणं मी ठाम करून टाकलं असतं. पुढे त्याचा ‘पण’ येणारच होता.

शेवटी हे ठेवलं:

```
27
00:02:14,200 --> 00:02:17,800
मी कर्णधाराला दोष देत नाही,
19वं षटक फिरकीला दिलं म्हणून.
```

56. कारण मागे ढकललं, जसं आपण बोलताना ढकलतो. नकार पहिल्या ओळीत, मान हलते तिथेच. ‘चुकलं’ हा शब्दच गेला, त्याचं थोडं वाईट वाटतं, पण ‘दोष देत नाही’मध्ये जपून बोलणं टिकलं आहे. नंतरची ओळ आता एकटी उरली, ‘मीही कदाचित तेच केलं असतं’, 26 कॅरॅक्टर. 2.8 सेकंदांत आरामात मावते.

मग त्याचा ‘पण’. माझं एक षटक बाकी होतं आणि ‘आय वॉज वॉर्म’. रात्री मी इथे ‘अंग गरम होतं’ लिहून ठेवलं होतं! म्हणजे हा ताप अंगावर काढून खेळला, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं. नशीब, ते पाठवण्याआधी दिसलं होतं. ‘अंग मोकळं झालं होतं’ केलं. गोलंदाजाबद्दल मराठीत हेच म्हणतात, आणि त्याला म्हणायचं होतं तेही हेच.

दुरुस्त फाईल दुपारी चढली. स्क्रीनशॉट अर्थातच तसाच फिरत राहिला. त्याखाली कर्णधाराला शिव्या घालणाऱ्यांत माझ्या गावचा एक मित्रही होता. त्याला मी मूळ व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, ‘इंग्रजी कोण ऐकतं, मी खालचं वाचतो.’

तेव्हापासून फाईल पाठवण्याआधी मी एक फेरी उलटी मारतो. शेवटच्या सबटायटलपासून पहिल्याकडे. उलटं वाचलं की मागचापुढचा आधार सुटतो, आणि प्रत्येक ओळ एकटी काय म्हणते तेवढंच दिसतं. दोन तासांच्या कामाला वीस मिनिटं वाढतात, त्याचे पैसे मिळत नाहीत.

परवा एका फलंदाजाची मुलाखत होती. नाणेफेकीमुळे हरलो असं मला वाटत नाही, असं तो दीड सेकंदात म्हणाला. म्हणजे 25 कॅरॅक्टर. ‘नाणेफेकीमुळे’ हा एकच शब्द 12 खातो. मला तो शब्द आवडतो, पण ‘टॉसमुळे’ 7 मध्ये होतं. ‘टॉसमुळे हरलो असं नाही’ लिहिलं, एकाच ओळीत, आणि पुढच्या वाक्याला लागलो.