निकालाच्या दिवशी बापाने काय बोलावे?

बोईसरमधल्या एका शाळेच्या पालकसभेत गेल्या काही वर्षांत आम्ही अनेकदा मागच्या बाकावर बसलो आहोत. वस्तीतली आठवीपर्यंतची बहुतेक मुले त्याच शाळेत जातात आणि त्यांच्या आई-वडिलांना कागदपत्रांत मदत करणे हे आमचे कामच आहे. अशाच एका सभेत वर्गशिक्षकांनी एनएमएमएस परीक्षेचा निकाल जाहीर केला. शाळेतल्या चार मुलांची नावे शिष्यवृत्तीच्या यादीत आली होती. त्यातल्या एका मुलीचे वडील तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. रात्रपाळी करून ते थेट सभेला आले होते. नाव ऐकल्यावर ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "सर, तुम्ही देवमाणूस आहात. तुमचे उपकार सात जन्म फिटणार नाहीत."

टाळ्या झाल्या. सर अवघडले. "मुलीनं अभ्यास केला हो," एवढेच म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

बाहेर आल्यावर आमच्याबरोबरचा एक तरुण कार्यकर्ता चिडून म्हणाला, "घरात बाबासाहेबांचा फोटो, रविवारी विहारात बावीस प्रतिज्ञा, आणि तोंडात देव आणि सात जन्म!" आम्हाला हसू आले, पण त्याचे म्हणणे पूर्ण पटले नाही. शब्दांची सवय एका पिढीत जात नाही. पाळीवरून आलेला दमलेला माणूस आनंदात बोलताना बावीस प्रतिज्ञा तपासत नाही. आम्हाला खटकले ते दुसरेच. बापाने सरांचे आभार मानले, पण कशाबद्दल ते एका शब्दानेही सांगितले नाही. आणि पुढे काय करायचे, हे विचारले नाही. या दोन गोष्टी आम्हाला एकाच दुखण्याच्या वाटतात.

आधी आभार कशाबद्दल, ते पाहू. एनएमएमएस ही केंद्र सरकारची योजना. परीक्षा आठवीत होते आणि महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. एक पेपर बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा, दोन्ही नव्वद-नव्वद गुणांचे. निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. हा पैसा सरकारी तिजोरीतला आहे. त्या तिजोरीत हा बापही रोज भर घालतो, बिस्किटाच्या पुड्यावर कर भरून. तेव्हा शिष्यवृत्ती हा कुणाचा उपकार नाही.

मग सरांनी काय केले? पुष्कळ केले, आणि त्यातले बरेचसे त्यांच्या नेमून दिलेल्या कामात बसत नाही. त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका जमवून स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढल्या. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस सकाळी दोन तास वर्ग घेतला. मुलांचे परीक्षेचे अर्ज स्वतः बसून भरले. बुद्धिमत्तेचा पेपर शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नसतो. ज्याने आकृत्यांची मालिका, सांकेतिक भाषा असले प्रश्न कधी पाहिलेच नाहीत, ते मूल कितीही हुशार असो, नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्नांपुढे गांगरते. खासगी क्लास लावणाऱ्या घरातली मुले ते प्रश्न शेकड्याने सोडवून आलेली असतात. ही दरी सरांनी आपल्या सुट्टीतून भरून काढली. त्याबद्दल आभार मानायलाच हवेत, पण नाव घेऊन मानायला हवेत: "सर, तुम्ही दिवाळीत वर्ग घेतलात." असे म्हटले की शेजारच्या बाकावरच्या पालकाला कळते की अमुक केले तर तमुक होते. दुसऱ्या वर्षी तो आपल्या वर्गशिक्षकाला विचारू शकतो, "दिवाळीत वर्ग आहे का?" 'देवमाणूस' म्हटले की विचारण्यासारखे काही उरत नाही. देवमाणूस भेटणे हा नशिबाचा भाग.

इथे एका दुसऱ्या बापाची गोष्ट सांगायला हवी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही, नंतर प्रसिद्ध झाली. तीत ते लहानपणीचा एक सत्कार सांगतात. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांना सभा भरवून त्यांचे अभिनंदन करायचे होते. चरित्रकार हाच प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. इयत्ता कुठलीही असो, लोक परवानगी मागायला सुभेदार रामजींकडे गेले आणि रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने परीक्षाच तर पास केली आहे, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले, पण थांबले नाहीत. ते रामजींचे मित्र कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकरांनी मध्यस्थी केली, थोडा वाद झाला आणि रामजी तयार झाले. त्या सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले.

आपल्या चळवळीत ही गोष्ट त्या पुस्तकासाठी सांगतात. आम्हाला मात्र रामजींचा नकार महत्त्वाचा वाटतो. रामजी कृतघ्न नव्हते आणि कोरडेही नव्हते. मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन ते तिचा दागिना मागत आणि तो गहाण ठेवून पुस्तक आणत. पण मुलाच्या निकालासमोर ते दबले नाहीत. याचे कारण आम्हाला असे वाटते की रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. शाळा आतून कशी चालते, परीक्षा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून केळुसकरांशी ते मित्रासारखे वाद घालू शकले. आणि केळुसकरही, सभा झाली, भाषण झाले, संपले, असे वागले नाहीत. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडले तेव्हा त्यांनी भीमरावांना सयाजीराव गायकवाडांकडे नेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. निकाल हा मध्यावरचा टप्पा आहे, हे बाप आणि शिक्षक दोघांनाही कळत होते.

आमच्या बोईसरच्या बापाला ते कुणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटले, यादीत नाव आले म्हणजे पैसे आले. प्रत्यक्षात यादीत नाव येते तेव्हा मुलगी आठवीत असते, आणि पैशासाठीचा अर्ज नववीत गेल्यावर भरायचा असतो, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. तो मुदतीत भरला नाही तर त्या मुलीची जागा हातची जाते. त्याआधी आठवीच्या वार्षिक परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. आणि नववीची शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी.

या शेवटच्या अटीवर घोडे अडणार होते. मे महिन्यात तो बाप आम्हाला स्टेशनजवळ भेटला. खुशीत होता. म्हणाला, "भाऊ, पोरगी हुशार निघाली. आता तिला चांगल्या इंग्रजी शाळेत टाकतो. शिष्यवृत्तीतून फी भरू." ती शाळा विनाअनुदानित. तिथे प्रवेश घेतला असता तर शिष्यवृत्तीच गेली असती, म्हणजे ज्या पैशावर फी भरायची तोच पैसा त्या प्रवेशाने बुडाला असता. आम्ही विचारले, "सरांना विचारलंत का?" तो म्हणाला, "त्यांनी एवढं केलं, आता परत कसं विचारू? बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! उपकाराची भाषा माणसाला असे गप्प करते. ज्याला आपण ऋणी समजतो त्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटू लागते. आम्ही त्याला तिथूनच सरांना फोन लावायला लावला. सरांनी पाच मिनिटांत सगळे सांगितले, आणि वर म्हणाले, "अहो, आधी विचारायचं ना!"

मुलगी अनुदानित हायस्कूलमध्ये गेली. तरी प्रश्न सुटला नाही. नव्या शाळेतल्या लिपिकाने सांगितले, "निवड त्या शाळेतून झाली, तिथेच जा." जुन्या शाळेत उत्तर मिळाले, "मुलगी आता आमच्या पटावर नाही." दोघांचेही कागदावर खरे दिसत होते. पण मुलगी ज्या शाळेत नववीत शिकते त्या शाळेनेच पोर्टलवर तिचा अर्ज पडताळायचा असतो, त्यानंतर जिल्ह्याची पडताळणी. जिथे शाळा आठवीपर्यंतच आहे तिथे दरवर्षी हा घोळ होतो, कारण निकालाचा आनंद एका शाळेत साजरा होतो आणि काम दुसऱ्या शाळेचे असते. या येण्या-जाण्यात बापाचे दोन खाडे पडले. शेवटी जुन्या शाळेच्या सरांनी निवड यादीचे ते पान आणि मुलीचा आसन क्रमांक स्वतः नव्या शाळेत नेऊन दिला. त्यांच्या दिवाळीच्या वर्गापेक्षा हे काम आम्हाला मोठे वाटते. त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

एक अडचण बँकेची निघाली. मुलीचे खाते होते, आधारही जोडलेले होते, पण मध्यंतरी आईने दुसऱ्या बँकेत तिचे आणखी एक खाते उघडले होते आणि तिथेही अनुदानासाठी आधार दिला होता. सरकारी पैसा सर्वात शेवटी ज्या बँकेशी आधार जोडले गेले तिथे जातो. अर्जात पहिल्या खात्याचा क्रमांक, आणि पैसा दुसरीकडे. 'पैसे आलेच नाहीत' म्हणणारी निम्मी घरे पैसा आलेल्या खात्याचे पासबुक भरूनच आणत नाहीत, असा आमचा वस्तीतला अनुभव आहे. इथेही तसेच झाले. फेब्रुवारीत आईचे ते विसरलेले पासबुक भरले, तेव्हा त्यात १२,००० रुपये निघाले.

आपल्या काही तरुणांना आभार मानणेच गुलामीचे वाटते. त्यांचा राग आम्हाला समजतो. गावात ज्यांच्या बापजाद्यांना भाकरीच्या तुकड्यासाठी जोहार घालावा लागला, त्यांच्या नातवंडांना जोडलेले हात बघवत नाहीत. पण दिवाळीत वर्ग घेणारा शिक्षक आणि जोहार घालून घेणारा पाटील यांना एका मापाने मोजू नका. असे शिक्षक आधीच थोडे आहेत. त्यांना 'तुमचं कामच होतं' म्हणून वाटेला लावले तर पुढच्या दिवाळीत वर्ग होणार नाही, आणि नुकसान आपल्याच पोरांचे.

यंदाच्या पालकसभेत तो बाप पुन्हा आला. मुलगी आता त्या शाळेत नाही, धाकटा मुलगा आहे. नव्या निकालाची नावे वाचून झाल्यावर तो उठला. या वेळी हात जोडले नाहीत, हातात घडी घातलेला कागद होता. म्हणाला, "सर, मागच्या वर्षी तुम्ही यादीचं पान नेऊन दिलंत म्हणून अर्ज मुदतीत गेला. या वर्षीच्या पोरांचं पान कोण नेणार? आणि पोरीला दहावीत किती टक्के लागतात, अकरावीला चालू राहायला?"

सर म्हणाले, "साठ. तुम्हाला पंचावन्न." आणि मग खडू घेऊन सगळ्यांसाठी फळ्यावर लिहू लागले.