कॉफीच्या पाकिटावरची बारीक ओळ

खालाने सहेरीसाठी नवीन पाकीट आणलं, गरम दुधात चमचाभर पावडर ढवळली आणि तळाशी गाळ बघून दुकानदाराला भेसळखोर ठरवलं. पाकिटावर ‘फिल्टर कॉफी’ लिहिलं होतं. ती भाजलेल्या बियांची नुसती पूड असते, विरघळणार कशी? तीन चमचे पावडरीवर कपभर उकळतं पाणी ओतून, पंधरा मिनिटं झाकून, अर्क पातळ कापडातून गाळला आणि दुधात घातला. गाळ गेला. इन्स्टंटमध्ये हेच काम कारखान्यात होतं. अर्क काढून सुकवलेला असतो, म्हणून ती लगेच विरघळते.

खरी गंमत पाकिटामागे होती. कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. म्हणजे २०० ग्रॅममध्ये कॉफी जेमतेम १०६ ग्रॅम; बाकी चिकोरी, एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. ही भेसळ नव्हे. प्रमाण छापलेलं असेल आणि कॉफी निदान ५१ टक्के असेल, तर कायद्याला चालतं. इन्स्टंटच्या पाकिटांवरही ही ओळ सापडते.

चिकोरीने कॉफी गडद, दाट दिसते, पण तिच्यात कॅफीन नसतं. झोप उडवायची असेल तर रंगावर भरवसा नको. आणि दोन पाकिटांचे भाव ताडताना त्या १०६ ग्रॅमांचा हिशेब धरावा, २०० चा नव्हे.