‘एजंटांनी फोन करू नये’

घर विकायला काढलेल्या मालकाने स्वतः दिलेल्या जाहिरातीत हे वाक्य बहुतेक वेळा शेवटी असतं. पुण्यात घरांच्या पुनर्विक्रीचं काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ते आधी वाचावं, असं मी ऑफिसात नव्या मुलांना सांगते. ते लिहिण्यामागे मालकाचा काही हिशेब असतो. ९५ लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हणजे ९५ हजार रुपये, आणि दोन टक्के मागणारेही आहेत. ही रक्कम वाचवावीशी वाटणं अगदी रास्त आहे. शिवाय जाहिरात आल्यापासून दोन दिवस त्या माणसाचा फोन सतत वाजत असतो आणि त्यातले बरेचसे फोन आमच्याच लोकांचे असतात.

म्हणून मी फोन करत नाही. एक मेसेज पाठवते, तोही जाहिरातीनंतर आठवडाभराने, कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास. ज्याला आमची गरज नव्हती, त्याचं घर तोवर कदाचित ठरलेलंही असतं. त्याला त्रास देण्यात अर्थ नाही.

कोथरूडमधल्या एका जाहिरातीचं उदाहरण देते. ‘२ बीएचके, ९०० स्क्वेअर फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ९५ लाख, थेट मालक, एजंटांनी फोन करू नये.’ इमारत नव्वदच्या दशकातली. त्यावर मी पाठवलेला मेसेज असा होता:

“नमस्कार. मी कोथरूडमध्येच घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. माझं नाव, ऑफिसचा पत्ता आणि महारेरा नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. तुम्ही एजंट नको असं लिहिलंय ते वाचलं, म्हणून फोन न करता एकदाच लिहिते आहे. जाहिरातीत ९०० चौरस फूट हे कार्पेट की बिल्टअप, ते लिहिलेलं नाही. तेवढं घातलंत तर योग्य माणसंच बघायला येतील. तुमच्या करारनाम्याच्या परिशिष्टात क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असेल, त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतील. सध्या माझ्याकडे या घरासाठी ठरलेलं गिऱ्हाईक नाही. तुमच्या परवानगीशिवाय तुमचे फोटो किंवा जाहिरात मी कुठेही टाकणार नाही. दाखवणं, कागदपत्रं किंवा संपूर्ण व्यवहार, यातलं काही हवं असेल तर कळवा, फी आधी सांगेन. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. मी पुन्हा मेसेज करणार नाही.”

यातली क्षेत्रफळाची गोष्ट मी मुद्दाम निवडली. हल्ली नवीन प्रकल्पातलं घर कार्पेटवर विकलं जातं, त्यामुळे ‘९०० फूट’ वाचणारा मनात ९०० कार्पेटच धरून येतो. जुन्या इमारतीतले मालक मात्र वर्षानुवर्षं बिल्टअपचाच आकडा सांगत आलेले असतात. बिल्टअप ९०० असेल, तर १.२ ने भागल्यावर कार्पेट साधारण ७५० निघतं. दीडशे फूट म्हणजे एक चांगली बेडरूम! बघायला आलेला माणूस तोंडावर काही बोलत नाही. खाली उतरताना तो ठरवतो की मालकाने आकडा फुगवला आहे, आणि मग एकतर परत येत नाही किंवा बारा-पंधरा लाख पाडून मागतो. मालकाला वाटतं, आपला भाव चुकला. खरं तर ९५ लाखांचा भाव बिल्टअपवर फुटाला साडेदहा हजार पडतो आणि कार्पेटवर पावणेतेरा हजारांच्या आत. जाहिरातीत दोन्ही आकडे दिले, तर भांडण उरतच नाही.

मालकाने मला कधीच उत्तर दिलं नाही, तरी हे त्याच्या उपयोगी पडतं. पहिल्या मेसेजची माझी कसोटी एवढीच आहे. मात्र ही उपयोगी गोष्ट त्या जाहिरातीतूनच सापडायला हवी. पार्किंगचा उल्लेख नाही, स्वयंपाकघराचा फोटो नाही, इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट ते कळत नाही, असं काहीतरी असतंच. ते शोधायला दहा मिनिटं लागतात. जिथे काहीच सापडत नाही, तिथे मी मेसेज पाठवत नाही.

गिऱ्हाईक नाही, हे स्पष्ट लिहिण्यालाही कारण आहे. ‘माझ्याकडे रोख पैसे देणारी पार्टी तयार आहे, आजच दाखवा,’ हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं खोटं आहे. मालक रविवारी घर आवरून बसतो, पार्टी ‘गावाला जाते’ आणि एजंट मात्र घर पाहून, फोटो काढून जातो. पुढे तेच फोटो वेगळ्या भावाने दुसरीकडे झळकतात. एकच फ्लॅट ९५, ९८ आणि १०२ लाखांना दिसला, की खरेदीदार सगळ्यात कमी आकड्यापासून घासाघीस सुरू करतो आणि मालकाला बिचाऱ्याला ठाऊकही नसतं. खरोखर गिऱ्हाईक असेल, तेव्हा मी तेही लिहिते: बजेट किती, कर्ज मंजूर आहे का आणि माझी फी कोण देणार. मालकाकडून घेणार नसेन तर तसं लिहिते.

एक वाक्य मी कुणालाही लिहू देत नाही: ‘अजून विकला गेला नाही का?’ जाहिरात महिनाभर जुनी झाली, भाव दोनदा उतरला, की मालकाच्या मनात आधीच धाकधूक असते. तिच्यावर बोट ठेवून काम मिळतं, हे मला माहीत आहे. तसं मिळवलेलं काम मला नको.

कोथरूडच्या त्या मालकीणबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘बिल्टअप आहे. जाहिरात बदलली. आभारी आहे, पण एजंट नको.’ मी ‘ठीक आहे, शुभेच्छा’ लिहिलं आणि थांबले. पुढे त्यांना स्वतःच खरेदीदार मिळाला, भावही ठरला. मग खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने कागद मागितले आणि तिथे अडलं. फ्लॅट यजमानांच्या नावावर होता, ते वारले होते. नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेटवर बाईंचं नाव लागलं होतं, त्यामुळे घर आपलंच झालं असं त्या धरून चालल्या होत्या. पण सोसायटीतल्या नामनिर्देशनाने वारसांचा हक्क संपत नाही. मुलगा आणि मुलगी दोघांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं होतं आणि मुलगी कॅनडात होती. तेव्हा बाईंनी तो जुना मेसेज शोधून मला फोन केला.

मुलीने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून मामांच्या नावे पाठवलं. असा कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ते भरलं. मग हक्कसोडपत्राची नोंदणी झाली, इंडेक्स टू हातात आला आणि वकिलाचा होकार मिळाला. गिऱ्हाईक मी आणलेलं नव्हतं, म्हणून टक्केवारीचा प्रश्नच नव्हता. कागदपत्रांच्या कामाची ठरावीक फी आधी सांगितली होती, तेवढीच घेतली.

सगळ्यांचे असे फोन येत नाहीत. कागद पूर्ण असतील, मालक जवळच राहत असेल आणि सोसायटीतलाच कुणी घर घ्यायला तयार असेल, तर एजंटची गरज नसते. कुणी विचारलं तर मी तसंच सांगते.

‘पुन्हा मेसेज करणार नाही’ हा शब्द बहुधा लिहिणाऱ्याकडून मोडत नाही. तो मोडतो ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाकडून, ज्याला पहिल्याने लिहिल्याचं ठाऊकच नसतं. म्हणून आमच्याकडे एक सामाईक वही आहे. तिच्यात मालकाचा नंबर, तारीख आणि उत्तर लिहिलं जातं, आणि कुठल्याही नव्या नंबरला लिहिण्याआधी ती उघडावीच लागते.