दिवाणाखालची पूड

सासूबाईंच्या सागवानी दिवाणाखाली पिवळसर पूड पडू लागली आणि घरात सगळ्यांनी एकच घोषणा केली: वाळवी! झाडून काढलं की पुन्हा ढिगुली तयार. एका पेस्ट कंट्रोलवाल्याने तर काही न बघता, फोनवरच अख्ख्या घराच्या फरशीला भोकं पाडण्याचा दर सांगितला. मी नुसती गांगरले.

शेवटी ओळखीचे मिस्त्री आले. त्यांनी चिमूटभर पूड बोटांत चोळली. "ताई, वाळवी असा भुसा टाकत नाही. ती मातीतून येते आणि माती घेऊनच येते." ती असती तर भिंतीवरून दिवाणाच्या पायापर्यंत मातीची नळी चढलेली दिसली असती, आणि लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजून आत चिखल निघाला असता. कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीही असते, पण ती खसखशीसारखे टणक दाणे टाकते. ते बोटाला लागतात. आमची पूड बोटांच्या रेषांत जाऊन बसली होती. म्हणजे भुंगा.

दिवाण उलटा केल्यावर उलगडा झाला. सागाची चौकट शाबूत; आतल्या पट्ट्या मात्र आंब्याच्या, आणि त्यांना एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं. भुंग्याच्या अळीला लाकडातलं पिष्ट लागतं. ते आंब्यात भरपूर असतं. सागाच्या गाभ्यापुढे तिची डाळ शिजत नाही. ही भोकं भुंगा बाहेर पडल्याची. मग आता आत कोण आहे? मिस्त्रींनी भोकांभोवती खडूने खुणा केल्या आणि खाली काळा कागद अंथरला. कागदावर ताजी पूड पडली, म्हणजे अळ्या अजून खात होत्या.

पोखरून भुगा झालेली पट्टी बदलली. बाकीच्या उन्हात सुकवून पॉलिशपेपरने घासल्या, कारण पॉलिशच्या थरातून औषध मुरत नाही. लाकडाचं पातळ कीडनाशक ब्रशने सगळीकडे लावलं आणि भोकांत सिरिंजने सोडलं. हे हातमोजे, मास्क घालून, गच्चीत. नुसत्या रॉकेलवर मिस्त्रींचा विश्वास नाही. ते उडून जातं. खोलवरच्या अळीपर्यंत औषध लगेच पोचत नाही, म्हणून पूड आणखी काही महिने पडू शकते. पुढे भुंगा होऊन बाहेर पडताना तो औषधाचा थर कुरतडतो आणि मरतो. वाळल्यावर भोकं मेणाने बुजवली, आणि खालच्या बाजूलाही पॉलिश मारलं. उघड्या लाकडाच्या छिद्रांतच मादी अंडी घालते.

मातीतली वाळवी असती तर दिवाणाला कितीही औषध पाजून उपयोग नव्हता. तिचं वारूळ जमिनीत. तिथे भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडावं लागतं, आणि आधी गळका नळ किंवा भिंतीची ओल बंद करावी लागते. त्या फोनवाल्याचा उपाय खोटा नव्हता, फक्त तो दुसऱ्या किड्याचा होता.

खडूच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. खुणेबाहेर नवं भोक दिसलं, तर सिरिंज पुन्हा काढायची आहे.